दोनशे बारा माणसं कुठं गेली?

मिरजेच्या व्यापाऱ्यांची महिन्याची बैठक रात्री नऊला भरते, कारण त्याआधी कुणाचंच शटर खाली येत नाही. मला बोलावलं होतं ते चहाच्या आधीची वीस मिनिटं भरून काढायला. सेक्रेटरींनी फोनवरच विषय ठरवून टाकला होता. "ते फेसबुकचे, गुगलचे रिपोर्ट येतात ना, त्यातलं खरं किती, एवढंच सांगा. जास्त टेक्निकल नको."

मी गेली नऊ वर्षं सांगली-मिरज भागातल्या छोट्या दुकानांच्या ऑनलाइन जाहिराती चालवतो. म्हणजे हे रिपोर्ट काढून पाठवणारा मीच. त्यातलं खरं किती हे मला विचारणं म्हणजे गवळ्याला दुधात पाणी किती ते विचारण्यासारखं. तरी हो म्हणालो, कारण नुकताच एका गिऱ्हाइकाच्या दुकानात मी स्वतःच तोंडावर आपटलो होतो आणि ते कुणाला तरी सांगायचं होतं.

ते दुकान चष्म्यांचं. मालक साठीचे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. मिरज दवाखान्यांचं गाव. डोळे दाखवायला अथणी, कुडचीकडून माणसं येतात आणि जाता जाता इथंच चष्मा करून घेतात. काकांकडे प्रत्येक गिऱ्हाइकाचं कार्ड असतं. नाव, गाव, मोबाइल, दोन्ही डोळ्यांचे नंबर, तारीख आणि बिलाची रक्कम. तीस वर्षांची कार्डं लाकडी खणांत अकारविल्हे लावलेली, आणि गेल्या सहा-सात वर्षांची कॉम्प्युटरवरही. या कार्डांनीच माझी पंचाईत केली.

डिसेंबरात काकांची फेसबुक-इन्स्टाग्रामची जाहिरात चालू होती. बटण दाबलं की थेट दुकानाचं व्हॉट्सअॅप उघडायचं. महिन्याचा खर्च पंधरा हजार. रिपोर्टात Messaging conversations started या रकान्यात २१२ आकडा आला, म्हणजे एका संभाषणाला ७१ रुपये पडले. मी खुशीत दुकानात गेलो आणि म्हणालो, "काका, दोनशे बारा माणसं आली." काकांनी कार्डांच्या खणाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुठं आली?" म्हणाले. "माझ्याकडं तर नाही आली."

बैठकीत मी गोष्ट इथूनच सुरू केली. प्रोजेक्टर नेलाच नव्हता. काकांची परवानगी घेऊन एक छापील रिपोर्ट आणि एक वही नेली होती. काका पहिल्या रांगेत बसले होते, हाताची घडी घालून.

मग एका रविवारी मी दुकानात बसून काय केलं ते सांगितलं. जाहिरातीवरून आलेल्या संभाषणांना काकांच्या मुलीनं व्हॉट्सअॅपवर वेगळं लेबल लावून ठेवलं होतं. ते सगळे नंबर एक्सेलच्या एका रकान्यात उतरवले, मधल्या जागा काढल्या. शेजारच्या रकान्यात डिसेंबर आणि जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातल्या कार्डांवरचे नंबर टाकले. व्हॉट्सअॅपच्या नंबरापुढं ९१ असतं आणि कार्डावर नसतं, म्हणून शेवटचे दहाच आकडे जुळवायचे:

```
=COUNTIF(B:B,RIGHT(A2,10))
```

शून्य आलं तर तो माणूस दुकानात आला नाही, एक किंवा जास्त आलं तर आला. दुपारी दीडला आमचा हिशेब झाला. २१२ पैकी १२८ जणांनी पहिल्या मेसेजनंतर एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. तो पहिला मेसेजही त्यांचा नव्हे. बटण दाबल्यावर Hello! Can I get more info on this? असं वाक्य आयतंच टाइप होऊन येतं, माणसानं फक्त बाण दाबायचा. उरले ८४. त्यातल्या ३१ जणांचे नंबर कार्डांवर सापडले. त्या ३१ मधले १९ जण काकांची जुनी गिऱ्हाइकं निघाले. कुणाचं कार्ड २०१९ चं, कुणाचं त्याही आधीचं. चष्म्याचा नंबर वाढला की ते येणारच होते. जाहिरात समोर आली म्हणून फोन करायच्या ऐवजी त्यांनी बटण दाबलं, एवढंच.

नवीन माणसं उरली बारा.

हॉलमध्ये जरा शांतता झाली. मग मागून कुणीतरी विचारलं, "मग एक माणूस कितीला पडला?" व्यापाऱ्यांना हेच हवं असतं, आणि त्यांचं बरोबरच असतं. मी वहीतला हिशेब वाचून दाखवला. रिपोर्टात पंधरा हजार दिसतात, पण त्यावर अठरा टक्के जीएसटी वेगळा लागतो आणि तो त्या रकान्यात दिसत नाही. ज्यांचं रेग्युलर रजिस्ट्रेशन आहे आणि ज्यांनी जाहिरातीच्या खात्यात जीएसटी नंबर भरलाय, त्यांना त्याचं क्रेडिट मिळतं. काका कंपोझिशनमध्ये आहेत, त्यांना मिळत नाही. म्हणजे १७,७००. माझी फी पाच हजार मी मुद्दाम शेवटी मिळवली. एकूण २२,७०० भागिले बारा, म्हणजे एका नव्या गिऱ्हाइकाला जवळजवळ १,९०० रुपये. काकांचं सरासरी बिल २,४०० चं आणि त्यात फ्रेम-काचेची खरेदी वजा जाता हातात राहतात अकराशे.

"म्हणजे तुम्ही काकांना खड्ड्यात घातलं," पहिल्या रांगेतले भांड्यांचे व्यापारी म्हणाले. सगळे हसले, काकाही.

पहिल्या बिलापुरतं बघितलं तर घातलंच. पण बारा हा आकडासुद्धा पुरा खरा नाही, आणि तो दोन्ही बाजूंनी खोटा आहे, हे मला त्यांना नीट समजावून सांगायचं होतं. एक बाजू अशी की या बारांतलेही काही जण जाहिरात नसती तरी आले असते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, गल्लीतून जाताना पाटी दिसली, आले. दुसरी बाजू अशी की जाहिरात बघून, कसलंही बटण न दाबता आलेला माणूस यात कुठंच नाही. सुनेनं फोनवर जाहिरात बघितली, नवऱ्याला सांगितलं, त्यानं वडिलांना आणलं आणि कार्डावर नंबर लिहिला स्वतःचा. माझं एक्सेल तिथं शून्य दाखवतं, आणि फेसबुकलाही त्यातलं काही कळत नाही. फोनच्या पडद्यावर काय झालं ते रिपोर्टाला समजतं. काउंटरवर काय झालं ते कार्डाला समजतं. जाहिरात नसती तर काय झालं असतं, ते या दोघांनाही समजत नाही, आणि पैसे वसूल झाले की नाही हे त्याच्यावरच ठरतं.

इथं एका साडीवाल्या शेठनी हात वर केला. त्यांची वेबसाइट आहे, ऑर्डरी ऑनलाइनही येतात. "माझं तर उलटंच आहे. फेसबुक म्हणतं चाळीस ऑर्डरी आमच्या, गुगल म्हणतं पस्तीस आमच्या. आणि ऑर्डरी आल्यात बावन्न."

याचं उत्तर सोपं होतं. नेहमीच्या सेटिंगला फेसबुकचा नियम असा, की जाहिरातीवर बोट लावल्यापासून सात दिवसांत, किंवा जाहिरात नुसती डोळ्यांखालून गेल्यापासून एका दिवसात ऑर्डर आली तर ती आमची. गुगल त्याच्या जाहिरातीवर क्लिक झाल्यापासून साधारण तीस दिवस दावा सांगतं. एकाच बाईनं सोमवारी इन्स्टाग्रामवर पैठणी बघितली, बुधवारी गुगलवर शोधली आणि ऑर्डर दिली, की दोघंही ती आपल्या वहीत चढवतात. एक लग्न जमलं की दोन मध्यस्थ मानाचा आहेर मागायला येतात, त्यातलाच प्रकार. शेठ म्हणाले, "मग आहेर कुणाला द्यायचा?" मी म्हणालो, आधी बावन्नवर विश्वास ठेवा, तो आकडा तुमच्या बिलांचा आहे.

गुगलचं नाव निघालंच होतं, म्हणून मी दुसरा कागद काढला. तो एका इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या शोध-जाहिरातीचा होता. लोकांनी नेमके कुठले शब्द टाइप केले, याची यादी Search terms या पानावर मिळते. सगळे शब्द तिथं दिसत नाहीत, फार थोड्यांनी टाइप केलेले गुगल लपवतं, पण जे दिसतात ते पुरेसे बोलके असतात. त्या यादीत सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फोन आणणारा शब्द होता खुद्द त्या दुकानाचं नाव. रिपोर्ट बघून मालक खूश. पण जो तुमच्या दुकानाचं नाव टाइप करतोय तो तुमच्याकडंच निघालेला आहे. खालीच फुकटात तुमचं गुगल मॅपचं पान दिसतंय. जाहिरातीनं त्याला रस्त्यात गाठून तुमच्याच दाराशी आणून सोडलं आणि भाडं घेतलं.

हे माझं पदरचं मत नाही. ईबे या अमेरिकन कंपनीनं २०१२ साली आपल्याच नावाच्या शोधांवरची जाहिरात दोन सर्च इंजिनांवर बंद करून बघितली. ब्लेक, नॉस्को आणि टॅडेलिस या अर्थशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या एकावर, जाहिरातीतून येणाऱ्या क्लिकपैकी ९९.५ टक्के क्लिक फुकटच्या लिंकवरून तसेच आले. पुढं इतर शब्दांवरच्या जाहिरातीही काही भागांत बंद करून पाहिल्या, तर नव्या आणि क्वचित येणाऱ्या माणसांवर जाहिरातीचा परिणाम दिसला, नेहमीच्या गिऱ्हाइकांवर नाही. आणि खर्चाचा मोठा भाग मात्र त्या नेहमीच्यांवरच होत होता. हे वाचलं तेव्हा मला काकांचे ते १९ जण आठवले. अर्थात शेजारचा दुकानदार तुमच्या नावावर जाहिरात लावून बसला असेल तर गोष्ट वेगळी. त्यासाठी महिन्यातून एकदा दुसऱ्याच्या फोनवर स्वतःचं नाव शोधून बघावं.

आता तुम्ही म्हणाल, आपणही बंद करून बघू. काकांनी तेच सुचवलं होतं. "महिनाभर थांबव, मग कळेल." मी म्हणालो, महिना नको, मध्येच सण येतात, शाळा येतात. एक आठवडा चालू, एक बंद, असं आठ आठवडे करू. जानेवारीच्या मध्यापासून मार्चपर्यंत आम्ही ते केलं. सोमवारी सकाळी चालू, पुढच्या सोमवारी सकाळी बंद. चालू आठवड्यांत मिळून तेच पंधरा हजार. मोजायचं फक्त एक, नवीन कार्डं किती फाटली. यात एक गळती राहतेच. चालू आठवड्यात जाहिरात बघितलेला माणूस बंद आठवड्यात येऊ शकतो, त्यामुळं फरक असेल त्याहून कमी दिसतो. पण नवा चष्मा लागणाऱ्याला फार थांबवत नाही, म्हणून ते चालवून घेतलं.

चालूच्या चार आठवड्यांत नवीन कार्डं १४८. बंदच्या चार आठवड्यांत १३९.

"म्हणजे नऊ माणसं जाहिरातीची," भांडीवाले लगेच म्हणाले.

मलाही आधी तसंच वाटलं. मग काकांनी आदल्या वर्षीची, म्हणजे जाहिरात अजिबात नसतानाची कार्डं काढली. चार-चार आठवड्यांचे गठ्ठे मोजले: १२८, १५१, १३७, १४४. काहीही न करता आकडा तेवीसनं वरखाली होत होता. त्यात नऊचा फरक म्हणजे गव्हाच्या ट्रकच्या वजनात ड्रायव्हरनं खिशात मोबाइल ठेवला होता की नाही ते शोधण्यासारखं. काकांना तर १२८ चं कारणही आठवत होतं. "त्या फेब्रुवारीत शेजारच्या गल्लीतले डोळ्यांचे डॉक्टर मुलीकडं पंधरा दिवस गेलते." डॉक्टरांची रजा माझ्या जाहिरातीपेक्षा मोठी होती.

हे सांगताना माझी जीभ जड झाली, हे कबूल करतो. समोर चाळीसएक माणसं, त्यातली सहा-सात माझीच गिऱ्हाइकं, आणि मी सांगतोय की महिना पंधरा हजार खर्चणाऱ्या दुकानाला जाहिरातीचा परिणाम दोन महिन्यांत धडपणे मोजताच येत नाही. ईबेला आला, कारण त्यांच्याकडं कोट्यवधी माणसांची ये-जा आहे. आपल्याकडं दिवसाला पाच नवीन कार्डं.

त्यावर मला सुचलेला उपाय एकच, तोही अजून पुरता करून बघितलेला नाही. पैसे थेंबाथेंबानं सोडण्याऐवजी तीन महिन्यांचे एका महिन्यात ओतायचे आणि तेही एकाच बाजूला. उदाहरणार्थ फक्त जयसिंगपूर, शिरोळकडं जाहिरात दाखवायची, तासगावकडं नाही. कार्डावर गाव लिहिलेलं असतंच. जयसिंगपूरची कार्डं तासगावच्या मानानं उसळली तर काहीतरी झालं. उसळली नाहीत, तर तीन महिन्यांचे पैसे एका महिन्यातच गेले हे तरी कळलं.

आता चांगलंही सांगायला हवं होतं, कारण रिपोर्ट टाकाऊ नसतो. माणूस आला का, हे त्याला विचारू नये. जाहिरात गेली कुठं, हे त्याला जरूर विचारावं. काकांच्या गुगलच्या जाहिरातीत मी 'मिरज' भाग निवडला होता आणि गाफील राहिलो. एकदा क्लिक कुठून आले ते उघडून बघितलं तर पुणे, सोलापूर, हुबळी. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये Presence or interest हा पर्याय आपोआप निवडलेला असतो. म्हणजे मिरजेत असलेला माणूस, आणि मिरजेत रस दाखवणारा माणूसही. पुण्यात बसून मिरजेतल्या दवाखान्यांची माहिती शोधणारा प्रत्येक जण गुगलच्या लेखी मिरजेत रस असलेला. तो चष्मा पुण्यातच करणार. मी ते बदलून Presence केलं आणि वाया जाणारे क्लिक थांबले. हे रिपोर्टामुळंच कळलं, कुठल्याही कार्डावरून कळलं नसतं. दुकानवाल्यांनी एवढा एक प्रश्न आपल्या जाहिरातवाल्याला उद्याच विचारावा, असं मी म्हणालो, आणि दोघं-तिघं लगेच फोनवर लिहून घेताना दिसले.

दोन जाहिरातींची आपसात तुलना करायलाही रिपोर्ट बरा, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो होतो. त्यातही डिसेंबरनं मला धडा दिला. काकांच्या दोन जाहिराती होत्या, प्रत्येकी साडेसात हजारांच्या. एकीत ९९९ रुपयांच्या फ्रेमचा फोटो. दुसरीत काका स्वतः, लेन्सोमीटरला डोळा लावून काचेचा नंबर तपासतायत, आणि प्रोग्रेसिव्ह काचेनं चक्कर का येते ते साध्या मराठीत सांगतायत. व्हिडिओ हलतोय, मागं रिक्षाचा हॉर्न. पहिलीनं १४० संभाषणं आणली, ५४ रुपयांना एक. काकांच्या व्हिडिओनं ७२, म्हणजे १०४ रुपयांना एक. मी त्याच आठवड्यात व्हिडिओ बंद करायच्या बेतात होतो. रिपोर्ट स्वच्छ सांगत होता की तो दुप्पट महाग आहे.

नंबर जुळवल्यावर दिसलं ते असं. दुकानात आलेल्या ३१ पैकी फोटोवरून ११ आणि व्हिडिओवरून २०. त्या बारा नव्यांपैकी फोटोवरून तीन, व्हिडिओवरून नऊ. फेसबुकला आपण सांगितलेलं असतं की संभाषणं आण, म्हणून ते बटण दाबायची सवय असलेली माणसं शोधून आणतं. ९९९ बघून अशा माणसाचं बोट चटकन पडतं. चक्कर येते म्हणून चष्मा बाजूला ठेवून दिलेला माणूस बटण दाबायला वेळ घेतो, पण दाबलं की येतो. आकडे लहान आहेत, तीन आणि नऊवर मी पैज लावणार नाही. पण स्वस्त संभाषण म्हणजे स्वस्त गिऱ्हाईक हे मी ज्या खात्रीनं सांगत होतो, ती गेली.

"मग गिऱ्हाइकालाच विचारायचं ना सरळ, कुठून कळलं म्हणून," एक औषधवाले म्हणाले.

विचारावं, पण त्याचाही भरवसा बेताचाच. काकांनी जानेवारीपासून कार्डावर एक ओळ वाढवली होती, 'दुकान कसं कळलं?' पहिल्या महिन्यात अकरा जणांनी सांगितलं, पेपरात जाहिरात वाचली. काकांनी पेपरात जाहिरात देऊन तीन वर्षं झाली होती.

चहा आला. माझी वीस मिनिटं केव्हाच संपली होती. कपबश्यांच्या आवाजात साडीवाले शेठ माझी फी विचारून गेले, आणि मी काकांना विचारलं की आता करायचं काय, चालू ठेवायची का जाहिरात. काका म्हणाले, "फोटोवाली बंद कर. माझी राहू दे. माणसं दुकानात येऊन म्हणतात, काका तुम्हाला मोबाइलवर बघितलं. त्याचा कुठं रकाना नाही ना?" मी म्हणालो, नाही. "मग राहू दे. आणि खर्च आठ हजारांवर आण."

जुलैत मी पुन्हा कार्डं मोजायला बसलो. 'दुकान कसं कळलं' या ओळीपुढं सलग चाळीस कार्डांवर एकाच अक्षरात 'पाटी' लिहिलेलं होतं. काउंटरवरच्या पोराला विचारलं, सगळ्यांनी पाटीच सांगितली का रे? तो म्हणाला, "शाळा सुरू झाल्यात, गर्दी किती हाय बघा की. कुणाकुणाला विचारत बसू? पाटी तर सगळ्यांनीच बघितलेली असती आत येताना."